सोळा बोल्ट आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ऑगस्टमध्ये दुमजली पलंग बसवला. पुढच्या मे महिन्यापर्यंत त्याचे बोल्ट पाच वेळा तपासले. कोणत्या वेळी काय आढळलं आणि त्याचं कारण काय निघालं, ते इथे लिहितो आहे. पलंग पाइनचा, सुटे भाग खोक्यातून आलेला. उशाकडची एक चौकट, पायथ्याकडची एक, आणि दोन्ही चौकटींना जोडणाऱ्या चार लांब साइड पट्ट्या, दोन खाली आणि दोन वर. प्रत्येक पट्टीच्या प्रत्येक टोकाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण सोळा. शिडी आणि कठड्याचे बोल्ट वेगळे. पलंगाची सगळी मजबुती या सोळा बोल्टांवर असते असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे, आणि इथूनच सुरुवात केलेली बरी.

प्रत्येक सांध्यात दोन बोल्टांच्या मधोमध दहा मिलिमीटर जाडीची एक लाकडी खुंटी असते. निजणाऱ्याचं वजन खाली खेचतं ते या खुंटीने आणि खांबाला घट्ट चिकटलेल्या पट्टीच्या तोंडाने तोलायचं. बोल्टाचं काम एवढंच की पट्टीचं तोंड चौकटीच्या खांबाला दाबून धरायचं. बोल्ट सैल झाला की तोंड सुटतं, वजन खुंटीवरून बोल्टावर आडवं येतं, आणि खांबातलं गोल भोक हळूहळू लांबट होत जातं. एकदा भोक लांबट झालं की नुसतं आवळून सांधा पूर्वीसारखा होत नाही. म्हणून बोल्ट करकर वाजायला लागायच्या आधी तपासायचे असतात.

बसवताना आधी फरशी पाहिली. घर जुनं, खाली दगडी फरशी, आणि पाणसळ ठेवल्यावर खिडकीकडचा कोपरा सहा मिलिमीटर खाली निघाला. अशा जागी पलंगाचा एक पाय अधांतरी राहतो, आणि मूल कूस बदललं की तोच पाय खाली टेकून परत उचलला जातो. रोज रात्री पन्नास वेळा असं झालं तर कुठलाच बोल्ट टिकणार नाही. त्या पायाखाली कडक रबराचा तुकडा घातला, चारही पाय टेकले याची हाताने खात्री केली, आणि मगच बोल्टांना हात लावला.

बोल्ट एम-६ चे, शंभर मिलिमीटर लांब, एलन डोक्याचे. खांब साठ मिलिमीटर जाड, त्यातून बोल्ट आरपार जाऊन पट्टीच्या टोकात शिरतो आणि तिथे आडव्या भोकात बसवलेल्या बॅरल नटमध्ये अडकतो. या नटाच्या तोंडावर स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी एक खाच असते. आट्याचं भोक त्या खाचेच्याच दिशेने असतं, म्हणून खाच पट्टीच्या लांबीला समांतर फिरवून ठेवली की बोल्ट बोटांनीच आत जातो. जोर लावावा लागला तर थांबायचं. बोल्ट तिरका शिरला तर नटाचे आटे पहिल्याच दिवशी जातात, आणि ते कळतं सहा महिन्यांनी. आम्ही सोळाच्या सोळा बोल्ट आधी हाताने लावले. मग वरच्या आणि खालच्या चौकोनाचे कर्ण टेपने मोजले, दोन कर्णांत चार मिलिमीटर फरक होता, तो एका कोपऱ्यावर हलका रेटा देऊन काढला. त्यानंतर एलन चाबीने समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घट्ट केले. एक कोपरा पूर्ण आवळून पुढे गेलं की चौकट तिथेच वाकडी अडकते.

किती आवळायचं, याचं उत्तर मऊ लाकडात सोपं आहे. चाबीचा लांब दांडा धरून, मनगटाच्या जोराने, फट मिटेपर्यंत आणि त्यानंतर अंदाजे अष्टमांश फेरा. वॉशर लाकडात रुतताना दिसला तर जास्त झालं. पावसाळ्यात तर जास्तच जपून, कारण तेव्हा लाकूड आधीच फुगलेलं असतं. त्या दिवशी ओलावा मोजायच्या मीटरवर खांबाचा आकडा १४ टक्के होता. तो पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवला.

आणखी एक काम त्याच दिवशी केलं, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच्यावर उभ्या राहिल्या. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खांबापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरून सुटला. रेघ जिथल्या तिथे आहे आणि तरी सांधा हलतो, तर बोल्ट फिरलेला नाही, लाकूड आटलं आहे. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, आणि रेघ नसेल तर कुठलं दुखणं आहे ते कळायला मार्ग नाही.

पहिली तपासणी आठव्या दिवशी. नव्या पलंगाला ही पहिली फेरी लागतेच, कारण खुंटीच्या कडा, रंगाचा थर, वॉशरखालचे लाकडाचे धागे सगळे दबून बसतात. सोळांपैकी अकरा बोल्टांनी पाव फेऱ्याच्या आतबाहेर जागा घेतली. रेघा न मोडलेल्या, म्हणजे बोल्ट फिरले नव्हते. आवळून झाल्यावर जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या. सप्टेंबरच्या मध्यावरच्या दुसऱ्या फेरीत फक्त दोन बोल्ट थोडे सैल, आणि दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी तिसऱ्या फेरीत एकही नाही. मुलांची आई म्हणाल्या, "काका, आता झालं ना? आता पुन्हा बघायला नको." इथेच बहुतेक घरांत तपासणी थांबते. पण ऑगस्ट ते नोव्हेंबर हे लाकडाचे सुखाचे महिने. ग्वाल्हेरला लाकडाची खरी परीक्षा उन्हाळ्यात लूचे गरम, कोरडे वारे सुरू झाल्यावर.

त्याआधी कठड्याबद्दल, कारण तो प्रश्न दिवाळीतच समोर आला आणि बोल्टांपेक्षा जास्त तातडीचा होता. कठड्याची उंची पट्ट्यांपासून मोजायची नसते, गादीच्या वरच्या पृष्ठापासून मोजायची असते. युरोपातलं ईएन ७४७ हे मानक सांगतं की गादीखालच्या फळ्यांपासून कठड्याची वरची कड किमान २६ सेंटिमीटर असावी आणि गादी घातल्यावर वर किमान १६ सेंटिमीटर उरावेत. म्हणजे फळ्यांवरून मोजून बरोबर २६ असलेल्या पलंगावर गादी दहा सेंटिमीटरपेक्षा जाड चालत नाही. अमेरिकेचा नियम थोडा सैल आहे, तो गादीवर किमान पाच इंच मागतो, म्हणजे साधारण पावणेतेरा सेंटिमीटर. आम्ही सोळाच धरतो. झोपेत लोळणारं मूल पाठीवरून कुशीवर येतं तेव्हा त्याचा खांदा कठड्याच्या कडेच्या खाली राहिला पाहिजे, वर नाही.

या पलंगाचा कठडा फळ्यांपासून २६ सेंटिमीटर होता आणि ऑगस्टमध्ये गादी दहा सेंटिमीटरची होती, म्हणजे हिशेब नेमका. गादी कापसाची. दिवाळीच्या आधी घरच्यांनी ती पिंजून आणली. पिंजलेली गादी मोजली तर चौदा सेंटिमीटर भरली, आणि कठडा बाराच सेंटिमीटर उरला, दोन्ही नियमांच्या खाली. कापूस दोन-तीन महिन्यांत बसेल हे खरं, पण ते दोन-तीन महिने मूल वरच झोपणार. मग पिंजलेली गादी खालच्या पलंगावर टाकली आणि वर दहा सेंटिमीटरची फोमची गादी घातली. फोमचं एक बरं असतं की उंची वर्षभर तीच राहते. वरच्या पलंगाच्या आतल्या बाजूला, गादीच्या कमाल उंचीवर, एक ठळक रेघ ओढून ठेवली. गादी रेघेच्या वर दिसली की बदलायची, टेप शोधायची गरज नाही.

कठडा भिंतीकडच्या बाजूलाही हवा. "भिंत आहेच की" असं वाटतं, पण पलंग रोजच्या हालचालीने भिंतीपासून सरकतो आणि मधली फट नेमकी मूल अडकेल एवढी होते. कठड्याच्या फळीखालची मोकळी जागाही मोजायची. साडेसात सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण त्याहून मोठ्या फटीत धड सरकून डोकं अडकू शकतं. पातळ गादी घालताना हे मुद्दाम पाहावं लागतं, गादी खाली गेली की तिच्यावरची फट मोठी होते. आमच्याकडे ती सहा निघाली. कठडा नुसत्या खाचेत बसणारा होता, तो काढून चार एम-६ बोल्टांनी खांबाला आरपार पक्का केला. मग दोन्ही हातांनी धरून, अंगाचं वजन टाकून, बाहेर ओढून पाहिलं. हललाही नाही, तेव्हाच गादी चढवली. आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचं नाही, ही अट घरच्यांशी आधीच पक्की केली होती. कठडा कितीही उंच असो, ती अट बदलत नाही. कठड्याला ओढणी, दोरी, बेल्ट काही बांधून ठेवू देऊ नये, गळ्याला फास बसण्याची भीती खरी आहे.

छताचा पंखा आपल्याकडे सगळ्यात आधी पाहावा. वरच्या गादीवर उभं राहिलेल्या मुलाचा हात कुठवर जातो, ते पातीच्या टोकापासून मोजून पलंगाची जागा ठरवली. इथे खोलीचा कोपरा बदलावा लागला.

आता शिडी. खोक्यात आलेली शिडी दोन लोखंडी हुकांनी वरच्या साइड पट्टीवर अडकवायची होती. दिसायला सोय वाटते, शिडी काढून ठेवता येते. पण मूल उतरताना शेवटच्या पायरीवरून उडी मारतं, तेव्हा शिडी वर उचलली जाते आणि हूक पट्टीवरून सुटतो. खाली दगडी फरशी किंवा चकाकणारी टाइल असेल तर शिडीचा पायाही पुढे सरकतो. आम्ही हूक ठेवले, पण शिडीचे दोन्ही उभे दांडे वरच्या पट्टीला एक-एक आणि खालच्या पट्टीला एक-एक, अशा चार एम-६ बोल्टांनी बांधले. भोक साडेसहा मिलिमीटरचं, पट्टीच्या उंचीच्या मधोमध, कडेजवळ नाही. मागून नायलॉक नट, आणि बोल्टाचं टोक नटाच्या बाहेर किमान दोन आटे दिसेल एवढी लांबी. टोक बाहेर आलं नाही तर नायलॉनच्या कड्यात बोल्ट शिरतच नाही आणि तो नट साध्या नटासारखाच सुटतो. अशी दोन ठिकाणी बांधलेली शिडी पलंगाला तिरक्या आधारासारखी उपयोगी पडते. बांधण्याआधी आणि नंतर पलंग बाजूने हलवून पाहिला तर फरक हातालाच कळला.

पायऱ्या चार, जमिनीपासून पहिली २५ सेंटिमीटरवर आणि पुढे प्रत्येक २५ वर. पायऱ्यांचं अंतर सारखं असलं पाहिजे, अंधारात पाय मोजणीने पडतो. प्रत्येक पायरीच्या टोकाला मूळचा एकच स्क्रू होता. हाताने पिळून पाहिलं की पायरी जागेवर गोल फिरायची. एका स्क्रूवरची पायरी फिरणारच, कितीही आवळा. प्रत्येक टोकाला दुसरा स्क्रू, आधी बारीक भोक पाडून, लावला. शिडीचे सांधे बाकीच्यांपेक्षा लवकर सैल होतात, कारण चढताना एका दिशेने आणि उतरताना दुसऱ्या दिशेने ताण येतो. ते महिन्याला एकदा हाताने पिळून पाहायला घरच्यांनाच शिकवलं. एवढ्यासाठी आम्हाला बोलावण्याचं कारण नाही.

जानेवारीच्या चौथ्या फेरीत विशेष काही नव्हतं. मग मेमध्ये फोन आला की वरचा मुलगा वळला की पलंग करकरतो आणि उशाकडे फट दिसते.

फट खरीच होती, भेटकार्ड सरळ आत जाईल एवढी. फटीच्या तोंडाशी ताज्या लाकडाचा पांढरा भुसा, म्हणजे आतले भाग एकमेकांवर घासत होते. पण सोळांपैकी पंधरा बोल्टांच्या रेघा जशाच्या तशा. उशाकडच्या खांबाला मीटर आठ टक्के दाखवत होतं. इथे थोडा हिशेब सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. पाइनसारखं लाकूड धाग्यांच्या लांबीत जवळजवळ आटत नाही, आटतं ते आडव्या दिशेने. ओलावा एक टक्का घटला की आडवी जाडी अंदाजे पाव टक्का कमी होते, खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने मोजली तर तेवढी, वर्तुळांना आडवी मोजली तर निम्मी. १४ वरून ८ म्हणजे सहा टक्के, म्हणून साठ मिलिमीटरचा खांब अर्ध्या ते पाऊण-एक मिलिमीटरने बारीक झाला. लोखंडी बोल्ट तेवढाच राहिला. एम-६ बोल्ट एका पूर्ण फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे बोल्ट न फिरताही तिथला प्रत्येक सांधा अर्ध्यापासून जवळजवळ एका फेऱ्यापर्यंत सैल झाला होता. नायलॉक नट किंवा आटे चिकटवायचं द्रव इथे उपयोगाचं नाही. ते फिरणं थांबवतं, आटणं थांबवत नाही.

एक गोष्ट जवळून दिसली ती अशी. खिडकीतला कूलर पायथ्याकडच्या चौकटीवर ओला वारा सोडत होता. त्या चौकटीचे सांधे थोडेच सैल, मीटरवर ११. उशाकडची चौकट कोरडी, आणि फट तिथेच. एकाच पलंगाची दोन टोकं दोन ऋतूंत होती. म्हणून सगळ्या बोल्टांना सारखेच फेरे मोजून द्यायचे नाहीत, प्रत्येक सांध्याची फट मिटेपर्यंतच जायचं.

उशाकडचे सहा बोल्ट नीट आवळले गेले. बाकीच्या दोनांवर अडलो. चाबी घट्ट, फिरेना, आणि फट तशीच. मुलांचे वडील बाजूला उभे होते. "काका, बोल्ट तर पक्का आहे, मग पट्टी हलते कशी?" जोर लावून आटे तोडायची वेळ हीच असते. चाबी घट्ट झाली म्हणजे सांधा घट्ट झाला असं नाही. बोल्ट बाहेर काढला आणि पट्टीतल्या भोकात बारीक तार घालून खोली मोजली, ३९ मिलिमीटर. शंभराचा बोल्ट, वॉशर दीड मिलिमीटरचा, खांब साठ, म्हणजे ऑगस्टमध्ये बोल्ट पट्टीत साडेअडतीस गेला होता आणि अर्धा मिलिमीटर जागा शिल्लक होती. आता खांब पाऊण मिलिमीटरने आटलेला, आणि वॉशरही लाकडात अर्धा मिलिमीटर रुतलेला. बोल्टाचं टोक भोकाच्या तळाला टेकलं होतं. डोकं खांबाला दाबण्याऐवजी टोक तळाला रेटत होतं.

उपाय स्वस्त निघाला. हार्डवेअरच्या दुकानात मडगार्ड वॉशर म्हणून जो मोठा वॉशर मिळतो, एम-६ साठी अठरा मिलिमीटर व्यासाचा आणि दीड मिलिमीटर जाड, तो जुन्या बारा मिलिमीटरच्या वॉशरखाली घातला. बोल्ट दीड मिलिमीटर मागे आला, तळापासून सुटला. बॅरल नट दहा मिलिमीटर जाड असल्याने आट्यांची पकड पूर्ण राहिली. दुसरा फायदा असा की मोठ्या वॉशरचं क्षेत्र लहानाच्या पावणेतीन पट असतं, म्हणून तेवढ्याच आवळणीत लाकडावरचा दाब जवळजवळ एक तृतीयांश होतो आणि रुतणं थांबतं. उरलेल्या चौदा बोल्टांनाही तेच वॉशर घातले. खरं तर हे ऑगस्टमध्येच करायला हवं होतं, खोक्यातले बारीक वॉशर पाइनला पुरत नाहीत.

ज्या एका बोल्टाची रेघ मोडली होती तो शिडीच्या बाजूचा. तो खरोखर फिरून सुटला होता, आणि नटाचे शेवटचे आटे झिजून चकचकीत झाले होते. बोल्ट आणि बॅरल नट दोन्ही बदलले. नुसता बोल्ट बदलला तर जुने आटे नव्यालाही खातात.

खांबातली भोकं अजून गोल आहेत, एकही लांबट झालेलं नाही. झालं असतं तर ते मोठं करून, सागाची खुंटी गोंदाने ठोकून, वाळल्यावर नवीन भोक पाडावं लागलं असतं. भुशाच्या बोर्डाच्या पलंगात तेही जमत नाही, तिथे बाहेरून लोखंडी पट्टी लावणं हाच मार्ग.

आता पुढचा पावसाळा येईल तेव्हा लाकूड परत फुगेल. मेमध्ये घट्ट केलेले बोल्ट जुलै-ऑगस्टमध्ये जास्त दाबाखाली येतील, आणि तेव्हा वॉशरभोवती लाकूड दबलेलं दिसलं तर पाव फेरा सैल करायचा, आवळायचा नाही. तशी नोंद पट्टीच्या आत, ऑगस्टच्या १४ आणि मेच्या ८ या आकड्यांखाली, लिहून ठेवली आहे. पुढची तारीखही तिथेच, पहिल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी.